त्वचेच्या बायोप्सीसाठी रजा हवी आहे, साहेबांना पत्रात काय लिहायचं?

पायावरचा न जाणारा डाग पाहून त्वचेचे डॉक्टर म्हणतात, "एक छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू." पुढच्या आठवड्यातली तारीख देतात. इस्पितळाबाहेर आल्यावर डागाइतकाच दुसरा प्रश्न डोक्यात घोळू लागतो, तो म्हणजे कार्यालयात काय सांगायचं. बायोप्सी म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात लगेच कर्करोग येतो. नुसतं "बरं नाही" म्हटलं, तर पंधरा दिवसांनी पुन्हा रजा मागताना संशय येतो. किती दिवस लागतील हे तर आपल्यालाच ठाऊक नसतं.

मनुष्यबळ विभागात काम करताना अशी पत्रं माझ्यासमोर येत राहिली आहेत. बहुतेक पत्रांत आजाराबद्दल गरजेपेक्षा जास्त लिहिलेलं असतं आणि तारखांबद्दल फारच कमी. खरं तर व्यवस्थापकाला तारखाच हव्या असतात. त्या नीट लिहायच्या तर बायोप्सीनंतर जखमेचं आणि त्या तुकड्याचं काय होतं, हे आधी समजून घ्यावं लागतं.

तुकडा काढतात म्हणजे काय करतात

त्वचेच्या बायोप्सीचे काही प्रकार आहेत. सर्वात जास्त केली जाते ती पंच बायोप्सी, म्हणून इथे तिच्याबद्दलच बोलू. पंच हे पेनासारखं धरायचं हत्यार असतं आणि त्याच्या टोकाला गोल, पोकळ पातं असतं. पात्याचा व्यास बहुधा ३ किंवा ४ मिलिमीटर असतो. बाजारात तांदूळ घेताना दुकानदार पोत्यात पोकळ सळई खुपसून आतल्या थरातले दाणे बाहेर काढून दाखवतो, तसंच हे. वरची त्वचा, तिच्याखालचा जाड थर आणि त्याखालची थोडी चरबी एकाच नळीत बाहेर येते. डाग वरून सारखे दिसले तरी आतल्या थरांत ते वेगवेगळे असू शकतात, म्हणून ही खोली महत्त्वाची असते.

आधी त्या जागी बधिर करण्याचं इंजेक्शन देतात. दुखतं ते तेवढंच. मग तुकडा काढून एखाद-दुसरा टाका घालतात आणि पट्टी लावतात. सगळं पंधरा-वीस मिनिटांत आटोपतं. भूल देत नाहीत, दाखल व्हावं लागत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते आधी डॉक्टरांना सांगायचं, पण स्वतःच्या मनाने त्या बंद करायच्या नाहीत.

रजा सलग नसते

बायोप्सीच्या दिवसापासून दोन गोष्टी एकाच वेळी चालू होतात आणि दोघींचा वेग वेगळा असतो. जखम शरीरावर भरत असते आणि तुकडा प्रयोगशाळेत पुढे सरकत असतो.

जखम किती दिवसांत भरते हे जागेवर ठरतं. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून तिथले टाके साधारण ५ ते ७ दिवसांत काढतात. हातावर ७ ते १० दिवस लागतात. पाठ आणि पाय यांना १० ते १४ दिवस द्यावे लागतात, कारण पाठीची त्वचा सतत ताणली जाते आणि पायाकडे रक्त सावकाश खेळतं. मधुमेह असेल किंवा पायाला सूज येत असेल तर डॉक्टर आणखी थांबायला सांगू शकतात.

तुकडा काढल्याबरोबर फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकतात, म्हणजे तो कुजत नाही आणि पेशी आहेत तशा टिकतात. प्रयोगशाळेत त्यातलं पाणी काढून त्या जागी मेण भरतात. मेणाच्या त्या ठोकळ्याचे ४-५ मायक्रॉन जाडीचे काप घेतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. काप काचपट्टीवर रंगवून डॉक्टर ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. यातला एकही टप्पा घाई करून उरकता येत नाही, त्यामुळे अहवालाला सहसा आठवडाभर लागतो. कुष्ठरोगाचे जंतू किंवा बुरशी शोधायची असेल तर वेगळे रंग वापरावे लागतात आणि दिवस वाढतात. अंगावर फोड येणाऱ्या काही आजारांत दुसरा तुकडा वेगळ्या द्रावणात घालून वेगळी तपासणी करतात. ती सगळ्याच ठिकाणी होत नाही.

थोडक्यात, रजा तीन कामांसाठी लागते: बायोप्सी, टाके काढणं आणि अहवाल घेऊन डॉक्टरांशी बोलणं. सलग तीन दिवस मागून उपयोग नसतो, कारण दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी बहुतेक माणसं खुर्चीत बसून काम करू शकतात, आणि टाके काढायच्या दिवशी मात्र रजा उरलेली नसते.

म्हणून पत्र लिहिण्याआधीच डॉक्टरांना विचारून घ्या: टाके कधी काढायचे, अहवाल साधारण कधी येईल, आणि दोन्ही एकाच भेटीत होतील का? पायावरच्या जखमेचे टाके निघेपर्यंत अहवाल बहुधा आलेला असतो, त्यामुळे तिथे एक भेट वाचते. चेहऱ्यावर हे जमेलच असं नाही, कारण टाके अहवालाच्या आधीच काढावे लागतात. आणि डॉक्टरांना गंभीर शंका असेल तर रजा वाचवण्यासाठी अहवाल टाके काढायच्या दिवसापर्यंत थांबवू नका. तो आला की लगेच जा.

आजाराचं नाव लिहायचं का?

मला यात शंका वाटत नाही: लिहू नका. बायोप्सी होण्याआधी आजाराचं नाव कोणालाच ठाऊक नसतं. ते शोधण्यासाठीच तर तुकडा काढायचा असतो. त्या टप्प्यावर पत्रात एखादं नाव लिहिलं तर तुम्ही निव्वळ शंका कार्यालयाच्या फाइलीत कायमची ठेवत असता. पुढे अहवालात साधा सोरायसिस किंवा लायकेन प्लेनस निघाला, तरी पहिलं पत्र तिथेच राहतं. गोव्यात कार्यालयातल्या माणसाची वहिनी आपल्याच वाड्यावर राहत असण्याची शक्यता बरीच असते. एका वाक्यातून कुष्ठरोगाची कुजबुज सुरू झाली तर ती थांबवायला अहवाल पुरत नाही.

पण म्हणून खोटंही लिहू नका. "ताप आहे" असं लिहिलंत आणि प्रमाणपत्र त्वचारोग विभागाचं आलं की साहेबांचा विश्वास उडतो, आणि पुढची खरी रजाही अडते. "त्वचेची बायोप्सी" असं लिहिलं तर ते खरं आणि पुरेसं असतं. बायोप्सी हा शब्दही नको वाटत असेल तर "डॉक्टरांनी सुचवलेली त्वचेवरील किरकोळ प्रक्रिया" असं लिहिता येतं, तेही तितकंच खरं आहे. माझं स्वतःचं मत विचाराल तर समजूतदार साहेबांना बायोप्सी म्हणूनच सांगावं. मग पंधरा दिवसांनी पुन्हा जावं लागलं तर वेगळा खुलासा द्यावा लागत नाही.

एक पत्र, अथपासून इतिपर्यंत

समजा, पणजीतल्या एका खासगी कार्यालयाच्या लेखा विभागात काम करणारी एक बाई आहे. नडगीवर डाग आहे, बायोप्सी गुरुवारी १२ नोव्हेंबरला ठरली आहे. महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जीएसटीचं विक्रीचं विवरणपत्र आणि २० तारखेपर्यंत कराचं विवरणपत्र भरायचं असतं, आणि दोन्ही तिच्याकडे आहेत. तिने डॉक्टरांना विचारून घेतलं आहे: टाके १४ दिवसांनी, म्हणजे गुरुवारी २६ तारखेला काढायचे आणि अहवालही त्याच भेटीत पाहायचा. पत्र ती आठवडाभर आधी देते.

> दिनांक: ५ नोव्हेंबर
>
> प्रति,
> व्यवस्थापक, लेखा विभाग
>
> विषय: गुरुवार १२ नोव्हेंबर रोजी पूर्ण दिवस आणि गुरुवार २६ नोव्हेंबर रोजी अर्धा दिवस वैद्यकीय रजा मिळण्याबाबत
>
> महोदय,
>
> माझ्या पायावरील त्वचेची बायोप्सी करण्याचा सल्ला डॉक्टरांनी दिला आहे. ती १२ नोव्हेंबर रोजी सकाळी इस्पितळाच्या बाह्यरुग्ण विभागात होणार आहे. दाखल व्हावे लागणार नाही. मात्र त्या दिवशी पायाला विश्रांती देण्यास सांगितले असल्याने पूर्ण दिवसाची रजा हवी आहे. १३ नोव्हेंबर रोजी मी नेहमीच्या वेळी कामावर येईन.
>
> टाके काढण्यासाठी व अहवालाबाबत डॉक्टरांना भेटण्यासाठी २६ नोव्हेंबर रोजी सकाळची अर्ध्या दिवसाची रजा हवी आहे. त्या दिवशी दुपारी २ वाजता मी कामावर हजर होईन.
>
> विक्रीचे विवरणपत्र मी १० तारखेलाच भरून पूर्ण करीन. २० तारखेच्या विवरणपत्राच्या कामावर या रजेचा परिणाम होणार नाही. १२ तारखेला येणारी पुरवठादारांची बिले नोंदवून घेण्याबाबत विभागातील सहकाऱ्यांशी बोलले आहे. प्रलंबित कामांची यादी ११ तारखेला संध्याकाळी आपणांस देईन.
>
> टाके काढेपर्यंत जड वस्तू उचलणे व फार वेळ उभे राहणे टाळण्यास डॉक्टरांनी सांगितले आहे. तोपर्यंत जुन्या फाइलींचे खोके हलवण्याच्या कामातून मला सवलत मिळावी. बसून करायच्या कामात कोणतीही अडचण नाही.
>
> अहवालानंतर आणखी भेटीची गरज भासल्यास तारीख कळताच आपणांस कळवीन. डॉक्टरांचे प्रमाणपत्र १३ नोव्हेंबर रोजी सादर करीन.
>
> वरील दीड दिवस माझ्या शिल्लक आजारपणाच्या रजेतून मंजूर करावेत, ही विनंती.
>
> आपली विश्वासू,
> (सही)

पत्रात "कृपया समजून घ्यावे" असं कुठेही नाही. त्याची गरजच पडत नाही, कारण साहेबांच्या मनात येणारे प्रश्न (कधी, किती वेळ, माझ्या कामाचं काय, पुन्हा जाणार का) विषयाच्या ओळीपासून सुटत जातात. तारखा विषयातच लिहिल्या, त्यामुळे मंजुरी देणाऱ्याला पूर्ण पत्र वाचायची वाट पाहावी लागत नाही. अहवालानंतरच्या भेटीचं वाक्य अगदी साधं दिसतं, पण पुढे दुसऱ्यांदा रजा मागावी लागली तर तेच वाक्य तुमच्या बाजूने उभं राहतं. तुमच्या कार्यालयात पत्रव्यवहार इंग्रजीत होत असेल तर भाषा बदला, क्रम हाच ठेवा.

खोक्यांबद्दलचा मजकूर अनेकजण गाळतात. टाके निघाले की जखम भरली असं वाटतं, पण तेव्हा नव्या त्वचेत मूळ ताकदीचा लहानसा अंशच आलेला असतो. ओझं उचलताना पायावर किंवा पाठीवर ताण आला तर ती उसवते. म्हणून टाके निघाल्यानंतरही किती दिवस जपायचं, ते त्याच भेटीत डॉक्टरांना विचारा आणि साहेबांना सांगा.

"पंधरा मिनिटांच्या कामाला पूर्ण दिवस कशाला?"

हा आक्षेप हमखास येतो, आणि तो चुकीचाही नाही. दंडावरची बायोप्सी असेल आणि इस्पितळ कार्यालयाजवळ असेल तर अर्धा दिवस पुरतो. तिथे पूर्ण दिवस मागू नका.

पायाचं गणित वेगळं आहे. बधिर करण्याच्या औषधात बहुधा अ‍ॅड्रिनलिन मिसळलेलं असतं. त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त कमी येतं. काही तासांनी त्याचा असर ओसरला की वाहिन्या पुन्हा रुंद होतात आणि तेव्हा जखमेतून रक्त झिरपू शकतं. नेमक्या त्याच वेळी तुम्ही पाय खाली सोडून खुर्चीत बसलेले असाल, किंवा मांडवी पुलावरच्या वाहतुकीत स्कूटरवर असाल, तर त्रास वाढतो. घरी पाय उशीवर ठेवून बसलात तर बहुतेक वेळा काही होत नाही. रक्त आलंच तर स्वच्छ कापड ठेवून पंधरा मिनिटं एकसारखं दाबून धरायचं, मध्येमध्ये उचलून पाहायचं नाही. तरीही थांबलं नाही तर डॉक्टरांना गाठायचं.

शिवाय सरकारी इस्पितळात प्रक्रिया पंधरा मिनिटांची असली तरी तिच्या आधी केसपेपरची रांग, डॉक्टरांची तपासणी आणि संमतीपत्रावरची सही असते. काणकोणहून किंवा सत्तरीतून बांबोळीला गोमेकॉत येणाऱ्या माणसाची सकाळ त्यातच जाते. हे साहेबांना समजावून सांगायची लाज वाटू देऊ नका.

कागद कोणता द्यायचा, रजा कोणती घ्यायची

या मुद्द्यावर मी सगळ्यांना कळकळीने सांगतो: केसपेपरची प्रत कार्यालयात देऊ नका. डॉक्टर केसपेपरवर आणि प्रयोगशाळेच्या मागणीपत्रावर संभाव्य आजारांची नावं प्रश्नचिन्ह लावून लिहितात, म्हणजे काप पाहणाऱ्याला काय शोधायचं ते कळावं. त्या यादीत कर्करोग किंवा कुष्ठरोग असला तरी बऱ्याचदा ती नावं खोडण्यासाठीच लिहिलेली असतात. कार्यालयातला माणूस प्रश्नचिन्ह पाहत नाही, नाव पाहतो. त्याऐवजी डॉक्टरांकडून वेगळं प्रमाणपत्र मागा: अमुक तारखेला बाह्यरुग्ण विभागात किरकोळ प्रक्रिया झाली, इतकी विश्रांती सुचवली, टाके काढण्यासाठी अमुक तारखेला बोलावलं आहे. खासगी कार्यालयात एवढं बहुतेकदा चालतं.

सरकारी कर्मचाऱ्यांनी थोडं सावध असावं. केंद्राचे १९७२ चे रजा नियम ज्यांना लागू आहेत, त्यांनी वैद्यकीय प्रमाणपत्रावर परिवर्तित रजा घेतली तर प्रमाणपत्राच्या नमुन्यात आजाराचं स्वरूप लिहावं लागतं, आणि एका दिवसासाठी अर्धवेतनी रजेतले दोन दिवस खर्ची पडतात. दीड दिवसासाठी त्यापेक्षा नैमित्तिक रजा सोपी. ती अर्ध्या दिवसाचीही घेता येते.

वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारे आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले अनेकजण ईएसआयमध्ये येतात. तिथे आजारपणात सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते, पण पहिल्या दोन दिवसांची सहसा मिळत नाही. बायोप्सीच्या दीड दिवसासाठी म्हणूनच रोख लाभाची आशा धरू नका, कार्यालयातली स्वतःची रजाच वापरा. जखम चिघळून आठवडाभर घरी राहावं लागलं तर मात्र ईएसआयच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र पहिल्या दिवसापासूनचं घ्या.

जखम चिघळली हे कसं ओळखायचं? पहिले एक-दोन दिवस थोडं दुखणं, थोडी लाली चालते. तिसऱ्या दिवसानंतर दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, लाली पसरत गेली, पू किंवा ताप आला, तर टाक्यांच्या तारखेची वाट पाहू नका. आपल्याकडच्या दमट हवेत पट्टी घामाने आतून ओली राहते. म्हणून पहिला दिवस ती कोरडी ठेवायची आणि नंतर डॉक्टर सांगतील तशी बदलायची.

अहवाल आल्यावर

अहवालात दर वेळी एका नावाचा निकाल येत नाही. कधी स्पष्ट नाव असतं. कधी "अमुक आजाराशी सुसंगत" असं लिहिलेलं असतं, आणि डाग प्रत्यक्ष पाहिलेल्या डॉक्टरांनी त्याचा अर्थ लावायचा असतो. म्हणूनच कागद घरच्या कोणी आणला तरी भेट टळत नाही. कधी नुसती "सूज दिसते, निश्चित निदान नाही" एवढीच नोंद येते. त्यात कोणाची चूक असेलच असं नाही. डाग फार नवा असला, त्यावर आधीच मलम लावलेलं असलं किंवा तुकडा कडेऐवजी मधून घेतलेला असला तरी असं होतं. मग काही आठवड्यांनी दुसऱ्या जागेवरून पुन्हा बायोप्सी करावी लागू शकते.

तसं झालं तर नवं लांब पत्र लिहायला नको. जुन्या पत्राचा धागा धरून एवढं पाठवा: "सर, ५ नोव्हेंबरच्या पत्रात कळवल्याप्रमाणे अहवालानंतर आणखी एक तपासणी करावी लागणार आहे. ती १० डिसेंबर रोजी आहे, त्या दिवसाची रजा हवी. महिन्याच्या विवरणपत्राचं काम ९ तारखेपर्यंत पूर्ण करीन." अहवालात काय आलं हे यात नाही, आणि साहेबांनी आपुलकीने विचारलं तरी "उपचार चालू आहेत, डॉक्टरांचं लक्ष आहे" एवढं उत्तर पुरतं. त्याहून जास्त सांगायचं की नाही, आणि कोणाला, हे तुम्ही ठरवायचं.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावंसं वाटलं तर लगेच नव्या बायोप्सीची गरज पडतेच असं नाही. मेणाचा तो ठोकळा आणि काचपट्ट्या प्रयोगशाळेत जपून ठेवलेल्या असतात. लेखी मागणी करून त्या नेता येतात. बरोबर अहवालाची प्रत आणि डागाचे फोटो द्यावेत. हे काम घरचं कोणीही तुमचं संमतीपत्र घेऊन करू शकतं, त्यामुळे त्यासाठी तुमची रजा खर्ची पडत नाही.